लाईट गेल्यावर नव्हे, लाईट असताना बदला बटण. फ्यूज-बटणाच्या कामात करंट कुठून येतो, कसा ओळखायचा?

नांदेड : लाईट गेली की गावाकडच्या बऱ्याच घरांत एक काम हमखास निघतं. "लाईट नाही तोवर ते जळकं बटण बदलून घेऊ," असं म्हणत कुणीतरी बोर्डाचे स्क्रू खोलतं. मेन स्विच तसाच चालू राहतो, कारण लाईटच नाही तर बंद कशाला करायचा, असा विचार असतो. पण लाईट कधी परत येईल याचा नेम नसतो. वायरीला बोटं लागलेली असताना ती आली, तर हात बाजूला घ्यायलाही वेळ मिळत नाही.

जाणते वायरमन बरोबर उलटं करतात. ते लाईट असताना काम काढतात, स्वतःच्या हातानं मेन बंद करतात, बंद झालं हे टेस्टरनं तपासतात आणि मगच बोर्डात हात घालतात. हे उलटं वाटत असलं तरी त्यामागं साधं कारण आहे. लाईट नसताना टेस्टर लावला तर तो कुठंच पेटणार नाही. मग करंट तुम्ही बंद केल्यामुळं गेला की लाईट गेल्यामुळं, हे कळायला मार्ग उरत नाही. लाईट असताना मेन पाडला आणि बोर्डातला करंट गेला, तरच मेननं खरोखर तोडलं याची खात्री होते.

घरमालकाला किती काम करता येतं?

घरातलं वायरिंगचं काम लायसन्स असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, असा नियम आहे. पण त्यात एक सूट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमात दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची बदली या सक्तीतून वगळली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही ती सूट ठेवली गेली. अट एकच, की बदलीमुळं वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे सहा अँपिअरचं बटण काढून सहाचंच बसवणं घरच्या माणसाला चालतं. नवी वायर ओढणं, नवा पॉइंट काढणं किंवा त्याच वायरीवर जास्त भार घेणं मात्र वायरमनचं काम आहे.

मीटर, मीटरच्या आधीचा सीलबंद कटआउट आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर हे महावितरणचं क्षेत्र. मेन स्विच बंद केला तरी तिथला करंट जात नाही. मेन स्विचच्या पेटीत मीटरकडून वायर जिथं येते, तो स्क्रूही दांडी खाली असताना जिवंतच राहतो. त्याला घरच्या माणसानं हात लावायचं कारण नाही.

मेन बंद केला, तरी करंट कुठून?

मेन बंद करण्याआधी घरात करंट येण्याच्या सगळ्या वाटा मोजून घ्याव्या लागतात. खांबावरून येणारी वाट सगळ्यांना माहीत असते. बाकीच्या लक्षात येत नाहीत.

सगळ्यात जास्त घात इन्व्हर्टरचा होतो. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तो बॅटरीवर घर चालू करतो. त्याच्या लाईनवर असलेला बोर्ड मेन बंद असूनही जिवंत असतो. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी इन्व्हर्टर बाहेर साधारण २३० व्होल्टच देतो, म्हणजे त्याचा झटका खांबावरच्या लाईटइतकाच जीवघेणा. म्हणून मेन बंद केल्यावर इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करायचं आणि त्याची पिनही प्लगमधून काढून ठेवायची.

दुसरी वाट शेजाऱ्याची. लग्नकार्यात किंवा आपला फ्यूज उडालेला असताना शेजारच्या घरातून एखादी वायर ओढलेली असते आणि नंतर ती तशीच राहते. भावकीच्या वाटण्या झालेल्या जुन्या वाड्यांत तर एका खोलीचा बोर्ड एका मीटरवर आणि माजघराचा दुसऱ्या मीटरवर, असंही आढळतं. आपला मेन पाडल्यावर घरातला एखादा दिवा जळतच राहिला, तर दुसरी वाट आहे हे समजून तिथंच थांबावं. छतावर सोलर असेल तर पॅनलकडून येणाऱ्या वायरी उन्हात जिवंत असतात. त्यांच्या पेटीला हात लावू नये.

बंद करायचं ते असं

जुन्या घरांत लोखंडी पेटीचा मेन स्विच असतो. त्याची बाजूची दांडी खाली ओढली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. नवीन घरांत दोन पोलचा एमसीबी किंवा आरसीसीबी असतो, तोही दोन्ही तोडतो. एकेका खोलीसाठी लावलेला अरुंद एक पोलचा एमसीबी मात्र एकच वायर तोडतो. बटण बदलण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये, पूर्ण घराचा मेन पाडावा.

मेन पाडल्यावर खरी भीती माणसाची असते. घरातलं लेकरू, म्हातारं माणूस किंवा नुकताच शेतातून आलेला भाऊ "मेन कोणी पाडला" म्हणत दांडी वर करतो. यावर वायरमन मंडळींचा जुना उपाय आहे. दांडी खाली केल्यावर पेटी उघडायची, आत टेस्टर लावून बघायचं, किटकॅटची वरची चिनी मातीची बॉबिन ओढून काढायची आणि ती खिशात घालायची. मग कुणी दांडी वर केली तरी लाईट येत नाही, कारण फ्यूज तुमच्या खिशात आहे. बॉबिन काढताना तिला पुढून धरावं, आतल्या पितळी पट्ट्यांना बोट लागू देऊ नये. एमसीबी असेल तर तो पाडून त्यावर काळी टेप लावावी आणि एका मोठ्या माणसाला तिथं उभं करावं.

काम दिवसाउजेडी करावं. घरात अंधार होणारच, म्हणून हातात बॅटरी ठेवावी. मोबाईल कानाला किंवा दातांत धरून बोर्ड खोलू नये. पायात कोरडी रबरी चप्पल असावी आणि अंग घामानं किंवा पाण्यानं ओलं नसावं. पावसाळ्यात माळवदाच्या मातीच्या भिंती ओल धरतात. अशा भिंतीला एक हात टेकवून दुसऱ्या हातानं बोर्ड खोलला, तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडं जातो.

टेस्टर कधी खोटं बोलतो?

खिशातला छोटा टेस्टर जवळपास प्रत्येक घरात असतो. तो पेटला तर करंट आहे असंच धरायचं. पण तो पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं धरता येत नाही. टेस्टरमधला दिवा तुमच्या अंगातून जमिनीत जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं, मागच्या टोपीला बोट नीट टेकलं नाही किंवा समोरून ऊन आलं, तर वायर जिवंत असूनही दिवा दिसत नाही. टेस्टरनं स्क्रू आवळायची सवय असेल तर आतला काचेचा दिवा तडकलेलाही असू शकतो.

म्हणून तपासणी तीन टप्प्यांत करायची. पहिल्यांदा मेन चालू असताना चालू प्लगमध्ये टेस्टर लावा आणि तो पेटतो हे बघा. मग मेन पाडा, इन्व्हर्टर काढा, आणि ज्या बोर्डावर काम करायचं आहे त्यातल्या एकेका वायरीला टेस्टर लावा. फक्त जळक्या बटणाला नाही, शेजारच्या बटणांना, प्लगला आणि मागं टेप मारून ठेवलेल्या जोडांनाही. शेवटी तोच टेस्टर शेजाऱ्याच्या चालू प्लगमध्ये लावून पुन्हा पेटतो का बघा. तिथं पेटला तरच मधली तपासणी खरी. मधल्या वेळात टेस्टरच खराब झाला असेल तर तो या तिसऱ्या टप्प्यात सापडतो.

मधल्या वेळात गावाचीच लाईट गेली नाही ना, हेही बघावं लागतं. त्यासाठी मीटरकडं नजर टाकावी. मीटर मेनच्या आधी असल्यानं मेन पाडला तरी त्याचे आकडे दिसत राहतात. आकडे विझले आणि शेजारीही अंधार झाला, तर गावाची लाईट गेली आहे. अशा वेळी केलेली तपासणी धरायची नाही, लाईट आल्यावर पुन्हा करायची.

ज्यांच्याकडं मल्टिमीटर आहे त्यांनी तो वापरावा, कारण तो अंगातल्या करंटवर चालत नाही. डायल एसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवावी. लाल वायर व्होल्टच्या भोकातच हवी. ती दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि चालू प्लगमध्ये टोकं घातली, तर सरळ शॉर्ट होऊन हातात भडका उडतो. मीटर आधी चालू प्लगवर लावून आकडा येतो हे बघावं. नंतर बंद बोर्डात फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग असं तीनदा मोजावं. तिन्ही वेळा शून्य किंवा शून्याच्या जवळ आलं पाहिजे.

दिवा विझला, पण करंट तसाच

आता एक प्रसंग डोळ्यांपुढं आणू. समजा, मुखेड तालुक्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी एका घरातली लाईट गेली आणि शेजारी मात्र चालू आहे. म्हणजे घरातला फ्यूज उडाला. घरातल्या पोरानं प्लगमध्ये टेस्टर लावला, तर तो दोन्ही भोकांत पेटतो. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही आणि टेस्टर मात्र दोन्हीकडं पेटतो. अनेकांना वाटतं, खांबावरून दोन फेज आले. एका घराच्या साध्या सिंगल फेज जोडणीत याचं नेहमीचं कारण वेगळं असतं. न्यूट्रल तुटलेला असतो.

करंट फेजनं येतो, दिव्यातून जातो आणि न्यूट्रलनं परत फिरतो. न्यूट्रल तुटला की दिवा विझतो, पण फेज कुठंच गेलेला नसतो. तो चालू असलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून पलीकडच्या न्यूट्रल वायरीत उतरतो आणि तिथंच अडकून राहतो. म्हणून एरवी शांत असणारी न्यूट्रलची वायरही अशा वेळी झटका देते. घर अंधारात आणि सगळ्या वायरी जिवंत, अशी ही सगळ्यात फसवी अवस्था आहे. सगळी बटणं बंद केली तर न्यूट्रलच्या भोकातला टेस्टर विझतो, ही तिची खूण.

हे घडायचं कारण बऱ्याचदा जुन्या मेन स्विचमध्येच असतं. त्यात दोन किटकॅट असतात, एक फेजचा आणि एक न्यूट्रलचा, आणि दोन्हींत बारीक तार भरलेली असते. करंट दोन्हींतून सारखाच जातो, त्यामुळं ज्याची तार कमजोर किंवा ज्याचा स्क्रू ढिला तो आधी उडतो. न्यूट्रलमध्ये फ्यूज असू नये, हे १९५६ च्या नियमांतच सांगितलं होतं. आपल्या पेटीत दोन फ्यूज दिसले तर वायरमनला बोलावून न्यूट्रलच्या जागी पक्की पट्टी बसवून घ्यावी. कोणता किटकॅट न्यूट्रलचा, हे अंदाजानं ठरवून स्वतः जाड तार भरू नये. चुकून ती फेजमध्ये भरली तर घराला फ्यूजच उरत नाही.

अशीच दुसरी गफलत वादळानंतर होते. सर्व्हिस वायर तुटते, ती परत जोडताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होते. घरात सगळं नीट चालतं, म्हणून कळत नाही. पण आता घरातली सगळी बटणं आणि एक पोलचे एमसीबी फेजऐवजी न्यूट्रल तोडतात. बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डरमध्ये करंट तसाच. ओळखायला सोपं आहे. तीन भोकांच्या प्लगकडं तोंड करून उभं राहिलं तर उजवं भोक फेजचं असतं. टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे, डाव्यात नाही. वादळात सर्व्हिस वायर जोडून घेतली असेल तर त्याच दिवशी घरातल्या दोन-तीन प्लगवर हे बघून घ्यावं. सगळीकडं डावीकडं पेटला तर महावितरणकडं तक्रार करावी. एकाच प्लगवर तसं असेल तर चूक त्या प्लगच्या जोडणीत आहे.

फ्यूजची तार किती जाड?

परत त्याच घराकडं येऊ. समजा, त्यात ९ वॅटचे आठ एलईडी, ७५ वॅटचे तीन पंखे, १०० वॅटचा टीव्ही आणि १५० वॅटचा फ्रिज आहे. बेरीज ५४७ वॅट होते. तिला २३० नं भागलं तर करंट सव्वादोन-अडीच अँपिअर येतो. इतक्या भाराला पाच अँपिअरची फ्यूज तार पुरते. पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड लावली की एकट्या रॉडचेच साडेसहा अँपिअर वाढतात आणि एकूण नऊच्या आसपास जातात. म्हणजे दहाची तार हवी.

दुकानात मिळणारी कल्हईची तांब्याची फ्यूज तार पाच अँपिअरला साधारण ०.२० मिलिमीटर, दहाला ०.३५ आणि पंधराला ०.५० मिलिमीटर जाड असते. हाती येते ती मात्र साध्या वायरीतली तांब्याची काडी. अशी एक काडीही बहुतेक ०.२ मिलिमीटरची, म्हणजे पाच अँपिअरच्या फ्यूजइतकी असते. पण ती "पुन्हा उडू नये" म्हणून चार-पाच काड्या एकत्र पिळून भरल्या जातात. मग फ्यूज वीस-पंचवीस अँपिअरचा होतो. शिवाय अशी तार तिच्या आकड्याला लगेच उडत नाही, साधारण दुप्पट करंटला वितळते. दिव्याच्या लाईनची एक चौरस मिलिमीटरची वायर दहा-बारा अँपिअर सोसते. शॉर्ट किंवा जास्त भार झाला तर फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली वायर वितळते.

तार भरताना बॉबिन बाहेर, ओट्यावर किंवा बाजेवर घेऊन बसावं. जुन्या तारेचे तुकडे आणि काजळी पुसून काढावी. नवी तार मधल्या खाचेतून नेऊन स्क्रूभोवती आवळायच्या दिशेनं गुंडाळावी. फार ताणू नये, ताणलेली तार बारीक होऊन लवकर उडते. मेन पाडलेला असतानाच बॉबिन परत बसवावी, पेटीचं झाकण लावावं आणि मग दांडी वर करावी. नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसऱ्यांदा भरू नये. एकेक करून सगळी उपकरणं काढून बघावीत. तरीही उडत असेल तर वायरीत शॉर्ट आहे आणि ते वायरमनचं काम आहे.

फ्यूजकडून माणसाच्या रक्षणाची अपेक्षा मात्र ठेवू नये. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा छोटासा भागही पुरतो आणि पाचचा फ्यूज तेवढ्यानं हलतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तोही एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर ओळखत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं माणूस म्हणजे एक बल्बच. म्हणून आरसीसीबी असला तरी मेन पाडणं चुकत नाही.

बटण बदलताना

तपासणी तीनही टप्प्यांत झाल्यावर बोर्ड खोलावा आणि काही सोडवण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढावेत. साध्या बटणाला दोन स्क्रू असतात. एकावर फेज येतो आणि दुसऱ्यावरून दिव्याची वायर निघते. फेजच्या स्क्रूवर बहुतेक दोन वायरी दिसतात. त्यातली एक पुढच्या बटणाला जाणारा लूप असतो. नवं बटण बसवताना हा लूप सुटला तर पुढची बटणं बंद पडतात. दोन बटणांवर एकच दिवा असेल, म्हणजे जिन्याचं बटण असेल, तर त्याला तीन स्क्रू असतात. तिथं फोटोत बघूनच वायरी जोडाव्यात.

वायरीचं टोक जळकं असेल तर ते कापून टाकावं, साधारण एक सेंटिमीटर साल काढावी, काड्या घट्ट पिळाव्यात आणि स्क्रूखाली पूर्ण आत घालाव्यात. एकही काडी बाहेर राहू नये. आवळल्यावर वायर हलकी ओढून बघावी, निघाली तर पुन्हा आवळावी. बटण जळायचं नेहमीचं कारण ढिला स्क्रू हेच असतं. तिथं ठिणगी पडते, तापतं आणि प्लास्टिक वितळतं. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती वाकवताना मोडते. मोडत राहिली तर ओढाताण न करता वायरमनला दाखवावी.

दुसरं कारण जास्त भार. १५०० वॅटची रॉड साडेसहा अँपिअर घेते आणि दिव्याचं बटण सहाचं असतं. रॉड रोज अर्धा-पाऊण तास त्याच बटणावर लावली तर ते तापणारच. इथं बरेच जण सोळाचं बटण आणून बसवतात आणि काम झालं असं समजतात. पण मागची वायर दिव्याचीच, एक चौरस मिलिमीटरची असेल तर आता बटण टिकेल आणि ताप वायरीवर जाईल. रॉड, गिझर, इस्त्री यांना अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी लाईन लागते. ती ओढणं म्हणजे क्षमता बदलणं, म्हणून ते लायसन्सवाल्याकडूनच करून घ्यावं.

बोर्डाचे सगळे स्क्रू लावून झाल्यावर सगळी बटणं बंद ठेवून मेन चालू करावा, मग एकेक बटण दाबून बघावं. अर्ध्या तासानं बोर्डाजवळ हात नेऊन ऊब किंवा जळका वास येतो का, हे एकदा बघावं.

शेतातल्या पेटीची गोष्ट वेगळी

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत घरचा अंदाज चालत नाही. तिथं तीन फेज असतात. एक फेज गेला की मोटार बंद पडते, पण बाकीचे दोन फेज पेटीत जिवंत असतात. मोटार थांबली म्हणजे लाईट गेली, हा समज घातक आहे. त्यात ऑटो स्विच लावलेला असेल तर लाईट येताच स्टार्टर आपोआप ओढतो. मोबाईल स्टार्टर असेल तर गावात बसलेला मुलगा फोनवरून मोटार चालू करू शकतो आणि त्याला तुमचा हात पेटीत आहे हे माहीत नसतं. म्हणून ऑटो बंद करावा, पेटीचा मेन पाडावा, तिन्ही किटकॅट काढून खिशात घालावेत, घरी फोन करून सांगावं आणि तिन्ही फेजला वेगवेगळा टेस्टर लावावा. कृषी फीडरची पाळी रात्रीची असेल तर ओल्या बांधावर, बॅटरीच्या उजेडात हे काम करूच नये. सकाळपर्यंत थांबावं.

डीपीवरच्या फ्यूजला मात्र कोणत्याही अवस्थेत हात लावायचा नाही. पीक वाळत असताना लाईनमनची वाट बघणं जड जातं, म्हणून काही जण एबी स्विच खाली ओढून डीपीवर चढतात. पण एबी स्विचचं एखादं पातं तुटलेलं नसतं आणि ते खालून दिसत नाही. कुणाच्या घरचा जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर खालून उलटा करंटही सोडतो. तिथं एका बाजूला ११ हजार व्होल्ट असतात आणि घरचा टेस्टर त्यासाठी बनलेला नाही. लाईनमनसुद्धा सबस्टेशनकडून परमिट घेऊन, लाईन तपासून आणि तिला अर्थिंग करूनच चढायचं असतं. तक्रारीसाठी महावितरणचे १९१२ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री क्रमांक आहेत. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक लिहून ठेवावा.

कुणाला करंट लागून तो चिकटून राहिला असेल तर त्याला हातानं ओढू नये. आधी मेन पाडावा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करावी. पण हे घरातल्या लाईनपुरतंच. डीपी किंवा ११ हजाराच्या लाईनजवळ लाकूडही वाचवत नाही, तिथं लांब राहून सबस्टेशनला कळवावं. सुटल्यावर माणूस बोलत-चालत असला तरी दवाखान्यात न्यावं. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावून, गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबत राहावं.